दाराला अडकवलेली चादर: हॉटेलच्या खोलीत ओढण्याचा व्यायाम, सहा आठवड्यांच्या नोंदी

४ जानेवारी

परवा निघायचं. सहा आठवड्यांची फिरती, तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी साधारण दोन आठवडे मुक्काम.

गेल्या फिरतीत मी व्यायाम चुकवला नव्हता. रोज पुश-अप, बैठका, प्लँक केले. परत आले तेव्हा पुश-अप वाढले होते, पण पुल-अप ४ वरून २ वर आले होते आणि उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला बारीक ठणका लागला होता. वही चाळल्यावर कारण दिसलं. सहा आठवडे मी फक्त ढकलत होते. एकदाही काही ओढलं नव्हतं.

नुसत्या शरीराच्या वजनावर व्यायाम करताना ही अडचण येतेच. ढकलायला फरशी पुरते, ती सगळीकडे असते. ओढायला मात्र आपल्यापेक्षा उंचावर, आपलं वजन पेलेल असं काहीतरी धरायला लागतं, आणि हॉटेलच्या खोलीत नेमकं तेच नसतं. म्हणून पाठ, खांद्याची पाती मागे खेचणारे स्नायू आणि दंडाची पुढची बाजू कोरडी राहते. बाकीचा व्यायाम मला जमतो. या वेळचा प्रकल्प फक्त ओढण्याचा.

अटी अशा ठरवल्या: आठवड्यातून चार दिवस, एका वेळी २५ मिनिटं, खोलीतली एकही वस्तू मोडायची किंवा वाकवायची नाही, खालच्या मजल्यावर आवाज जाता कामा नये.

आज बारवर मोजलं. हात पूर्ण सरळ ठेवून सुरुवात आणि हनुवटी बारच्या वर, असे ४. चौथा कसाबसा. परत आल्यावर याच बारवर पुन्हा मोजेन.

६ जानेवारी

पहिली खोली. बेड आणि भिंत यांच्यामध्ये ८० सेंटीमीटर रुंद आणि २ मीटरपेक्षा थोडी लांब पट्टी मोकळी आहे. पालथं झोपून हात डोक्यावर ताणले तर बोटं भिंतीला जेमतेम टेकतात. म्हणजे पुरेशी आहे. जमीन गुळगुळीत फरशीची.

मग धरायला काय आहे ते पाहिलं. टेबल भिंतीत बसवलेलं आहे. खाली झोपून त्याची कड धरून छाती वर ओढायचा व्यायाम चांगला असतो, पण असं टेबल वरून ठेवलेला भार पेलण्यासाठी बसवलेलं असतं. पुढच्या कडेला लटकलं की तो भार तरफेसारखा भिंतीतल्या स्क्रूंवर येतो. बाद. शॉवरच्या पडद्याची दांडी हाताने फिरवून पाहिली तर फिरली, म्हणजे ती दोन भिंतींमध्ये नुसत्या दाबावर उभी आहे. बाद. कपाटातली दांडी हँगरांपुरती. खुर्चीला चाकं.

उरली दारं, दोन. एक खोलीचं, एक बाथरूमचं. यातलं कुठलं वापरायचं हे आवडीवर नाही, दार कुठल्या बाजूला उघडतं त्यावर ठरतं. मी ओढते तेव्हा दार चौकटीच्या पट्टीवर दाबलं गेलं पाहिजे, म्हणजे माझा भार सगळी चौकट घेते. उलट बाजूने ओढलं तर दार उघडायच्या दिशेने खेचलं जातं आणि सगळा भार लॅचच्या बोटभर जिभेवर येतो. ओळखायची खूण सोपी आहे. माझ्या बाजूला बिजागऱ्यांचे गोल दांडे दिसत असतील तर ते दार माझ्याकडे उघडतं, आणि त्या बाजूला मी उभं राहायचं नाही.

खोलीचं मुख्य दार आत उघडतं, त्यामुळे बाद. तसंही ते आपोआप बंद होणारं जड दार आहे, आगीच्या वेळी उपयोगी पडायला बसवलेलं, त्याच्याशी खेळायचं नाही. बाथरूमचं दार बाथरूमच्या आत उघडतं. खोलीत उभं राहून ओढलं की ते चौकटीवर घट्ट बसतं. हेच.

७ जानेवारी

पहिला प्रयत्न फसला, आणि का फसला ते लिहून ठेवते.

टर्किश टॉवेलच्या टोकाला गाठ मारली, गाठ दाराच्या वरून पलीकडे टाकली, दार लावायला गेले तर लागेना. दाराच्या वरची फट जेमतेम ४ मिलिमीटर, टॉवेल त्याहून जाड. मग बेडवरची वरची पातळ चादर काढून तिला गाठ मारली. दार नीट लागलं, लॅचचा टक् आवाज आला. चादर धरून हळूहळू मागे झुकले. चौथ्या वेळी गाठ फटीतून सटकली आणि मी बेडवर बसले. बेड मागेच होता म्हणून लागलं नाही.

नंतर आठवलं की सटकण्याआधी खूण मिळाली होती. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी चादर दर झोक्याला नखभर खाली येत होती. मला वाटलं गाठ आवळतेय. गाठ आवळते ती एकदाच. परत परत कापड सरकत असेल तर गाठ फटीत शिरते आहे, आणि तिथेच थांबायला हवं होतं.

संध्याकाळी खोली आवरायला आलेल्या ताईंना खरं काय ते सांगितलं आणि एखादी जुनी चादर मिळेल का विचारलं. त्या म्हणाल्या, "हॉटेलच्या चांगल्या चादरीला गाठी मारू नका बाई, मला हिशेब द्यावा लागतो. पुसायला काढलेली एक आहे, ती देते." मला शरम वाटली. चादर आणली त्यांनी. खिडकीसमोर धरून पाहिली, जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलेलं असतं. मधोमध एक पट्टा विरलेला होता. तो टाळून कडेचा भाग फाडून घेतला आणि लांबीत दुमडून चार पदरी केला.

८ जानेवारी

गाठीच्या पोटात गुंडाळलेला मोजा घातला. गाठ मुठीएवढी झाली, आता ती फटीत शिरणं शक्य नाही. गाठ बाथरूमच्या बाजूला, पट्टा माझ्या बाजूला, बिजागऱ्यांकडून साधारण एक वीत अंतरावर. दाराच्या मोकळ्या टोकाशी अडकवला असता तर बिजागऱ्यांवर जास्त पीळ आला असता. दाराची वरची कड दबू नये म्हणून तिथे हात पुसायचा रुमाल घडी करून ठेवला.

चाचणी तीन टप्प्यांत केली. आधी उभ्याने नुसते हातांनी झटके दिले. मग अर्धं वजन टाकून दहा सेकंद धरलं. मग पूर्ण झुकून दहा सेकंद. दर टप्प्यानंतर गाठ पाहिली. हलली नव्हती. ही चाचणी रोज करायची, काल टिकलं म्हणून आज सोडायची नाही.

व्यायाम असा: पट्टा दोन्ही हातांत, टाचा जमिनीवर, अंग टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ, मागे झुकून हात सरळ. मग कोपरं बरगड्यांजवळून मागे नेत छाती हातांपर्यंत आणायची. किती जड जाईल ते पायांच्या जागेवर ठरतं. पाय दारापासून एक फरशी लांब, म्हणजे ६० सेंटीमीटर, ठेवले तर अंग बरंच उभं राहतं आणि सोपं जातं. पाय दाराच्या एक वीत जवळ आणले तर अंग जवळजवळ ४५ अंशांत झुकतं आणि चांगलंच जड होतं. मोज्यांनी पाय घसरतात, म्हणून बूट घातले.

आज: एक फरशीवर १२, १२, १०. हलकं वाटलं.

१० जानेवारी

पाय एक वीत अंतरावर. ९, ७, ६. पण थकलं काय? मनगटापासून कोपरापर्यंतचा हात. पाठीला काही कळलंच नाही. सुती कापडाचा पट्टा बारपेक्षा जाड आणि मऊ, बोटं पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे पकड पाठीच्या आधी हार मानते.

उपाय दोन केले. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना हातांसाठी गाठी मारल्या आणि मुठी त्या गाठींच्या वर टेकवल्या. आता हात खाली घसरत नाही, बोटांना आवळून धरायची गरज निम्मी झाली. दुसरं म्हणजे ओढण्याआधी खांद्यांची पाती मागे आणि खाली नेते, कोपर नंतर वाकवते. हा क्रम उलटा झाला की काम दंडाकडे जातं.

पाठ काम करतेय हे कळायची माझी खूण: वर आल्यावर दोन सेकंद थांबता आलं पाहिजे. झटक्याने वर येता येतं, पण थांबता येत नसेल तर ती फेरी मी मोजत नाही. या नियमाने आज ९ चे ६ झाले. खरे ६.

१३ जानेवारी

वरून खाली ओढण्याची भर पाडायला फरशी कामी आली.

जुन्या चादरीचा उरलेला तुकडा जमिनीवर पसरला, त्यावर पालथी झोपले, छातीपासून मांड्यांपर्यंत चादर, पायांत मोजे. हात डोक्यापुढे ताणून तळवे फरशीवर घट्ट टेकवले आणि स्वतःला पुढे ओढलं, हात बरगड्यांशी येईपर्यंत. मग तळव्यांनीच ढकलत मागे. एका वेळी साधारण हातभर सरकणं होतं, या पट्टीत तेवढीच जागा आहे.

पुल-अपची हालचाल आडवी केली की हेच होतं, फक्त पूर्ण वजनाऐवजी घर्षणाएवढाच विरोध मिळतो. चादरीवर १५ झाले तरी दम लागला नाही. टर्किश टॉवेलवर झोपले तर तो अडतो, १० मध्ये काखेखालचा स्नायू पेटला. म्हणजे कापड बदलून जडपणा बदलता येतो. तळवे घामाने घसरले की व्यायाम संपतो, म्हणून मध्ये मध्ये पुसायचे. मान वर उचलून पुढे पाहायचं नाही, कपाळ खाली.

१५ जानेवारी

बाकीचं थोडक्यात, कारण त्यात नवीन काही शोधायचं नव्हतं.

ढकलणं: साध्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो. पाय ६० सेंटीमीटर उंचीवर ठेवले तर तो ७४ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि उलट हात तेवढ्या उंचीवर ठेवले तर ४१ टक्क्यांवर येतो. म्हणून बेडची कड ही वजनं बदलायची पट्टी आहे, चांगल्या दिवशी पाय वर, थकलेल्या दिवशी हात वर. माझं वजन ६२ किलो, म्हणजे साधारण २५ ते ४६ किलोंच्या मधलं काहीही मिळतं. गादी खचते, त्यामुळे पाय गादीवर न ठेवता तिच्या खालच्या लाकडी कडेवर ठेवते.

पाय: एका पायाची बैठक, मागचा पाय बॅग ठेवायच्या पक्क्या बाकावर. तीन सेकंदांत खाली, एक सेकंद थांबून वर. बेड यासाठी उंच पडतो, कंबर पुढे वाकते. मागच्या मांडीसाठी उताणं झोपून टाचांखाली टॉवेल, कंबर उचलून टाचा सरकवत लांब न्यायच्या आणि परत ओढायच्या. हाही ओढण्याचाच प्रकार, पायांचा.

ओढणं आणि ढकलणं आलटून पालटून करते. एक चालू असताना दुसऱ्याचे स्नायू विसावतात, म्हणून २५ मिनिटांत बसतं. प्रत्येक फेरी अजून दोन निघाले असते अशा ठिकाणी थांबवते. हलक्या भाराने स्नायू टिकवायचा तर त्याला थकव्याच्या जवळ न्यावंच लागतं. १० वर आरामात थांबले तर उपयोग नाही.

१६ जानेवारी

आवाजाची चाचणी. माझ्यासोबत आलेला धाकटा सहकारी नेमका खालच्या खोलीत आहे. त्याला दिवे बंद करून दहा मिनिटं ऐकत बसायला सांगितलं, मी वर एकेक व्यायाम क्रमाने केला.

तो म्हणाला, "ताई, तुम्ही उड्या मारल्या का? ते सोडून काही नाही. हां, एकदा फर्निचर ओढल्याचा आवाज आला."

उड्या मी मारल्याच नव्हत्या. एका पायाच्या बैठकीतून उठताना टाच आपटत होती, तेवढंच खाली उडीसारखं ऐकू गेलं. फर्निचरचा आवाज म्हणजे बाक बाजूला ढकलला तो. दार, सरकणं, पुश-अप, काहीच पोचलं नाही. आता बाक उचलून ठेवते आणि टाच मोजून टेकवते. रात्री नऊनंतरही करायला हरकत नाही.

२१ जानेवारी

दुसरी खोली आणि सगळा बेत कोलमडला. बाथरूमचं दार काचेचं, सरकतं. काचेला काहीही अडकवायचं नाही. मुख्य दार आत उघडतं. जमिनीवर गालिचा, त्यामुळे सरकणंही गेलं. कपडे धुवायला द्यायची प्लॅस्टिकची पिशवी अंगाखाली घेऊन पाहिली, गालिच्यावर ती गोळा होते. टाचांखाली मात्र ती छान सरकते, म्हणजे पायांचं काम वाचलं.

हाताशी काय उरलं? मी आणि टॉवेल.

२३ जानेवारी

टॉवेल तळपायांना अडकवून, पाय लांब करून बसायचं, पाठ सरळ, दोन टोकं दोन हातांत आणि पूर्ण जोराने ओढायचं. हलत काहीच नाही. पाय ढकलतात, पाठ ओढते. बाहेरून काही होताना दिसत नाही, पण दहा सेकंदांत पाठ थरथरायला लागते.

याची मर्यादा आधी ठाऊक असायला हवी. न हलता लावलेली ताकद मुख्यतः त्याच कोनात वाढते आणि थोडी त्याच्या आजूबाजूला. फक्त कोपर काटकोनात ठेवून ओढलं तर हात सरळ असतानाची सुरुवात कमजोर राहील, आणि माझा पुल-अप तिथेच अडतो. म्हणून तीन जागा घेतल्या: हात जवळजवळ सरळ, कोपर काटकोनात, आणि मुठी बरगड्यांशी. टॉवेल कमी-जास्त गुंडाळून लांबी बदलते. प्रत्येक जागी १० सेकंद तीनदा. पहिले दोन सेकंद जोर हळूहळू चढवायचा, एकदम झटका नाही, नाहीतर कंबरेत चमक भरते.

श्वास रोखायची फार ओढ होते. रोखला की रक्तदाब झपाट्याने चढतो. मी आकडे मोठ्याने मोजते, बोलताना श्वास रोखता येत नाही. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

जोडीला एक हलणारा व्यायाम: उताणं झोपून गुडघे वाकवायचे, दंड अंगापासून थोडे बाजूला, मुठी छताकडे, आणि कोपरं जमिनीत दाबून पाठीचा वरचा भाग उचलायचा. उंची चार बोटंच मिळते, पण पाती मागे खेचणारे स्नायू लगेच बोलतात. गालिच्यावर कोपर सोलवटू नये म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल. पहिल्या दिवशी ८, ८, ६.

२९ जानेवारी

टॉवेलच्या ओढीची खरी अडचण आज लक्षात आली. किती जोर लावतेय ते कळत नाही. १० सेकंद गेल्या आठवड्यातही होते, आजही आहेत. काल दिवसभर उभी होते, थकले होते, तरी वहीत तेच ३ गुणिले १०. मन पूर्ण जोर म्हणतं, अंग कमी लावतं, आणि वहीला ते दिसत नाही.

म्हणून मोजता येईल असं काहीतरी हवं होतं. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, चार्जर, बूट आणि पाण्याच्या एक लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या घातल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वाढ नेमकी करता येते. एक हात बेडच्या कडेवर टेकवून दुसऱ्या हाताने बॅग कमरेशी ओढायची. हा नुसत्या अंगाचा व्यायाम नाही हे मान्य, पण इथे तो मोजपट्टीचं काम करतो. हळू खाली सोडत १४ झाले. पुढच्या वेळी आणखी एक बाटली.

या खोलीत दोन आठवडे इतकंच शक्य होतं. दारावरच्या ओढीची बरोबरी होत नाही, हे स्वतःला सांगून ठेवते.

४ फेब्रुवारी

तिसरी खोली. बाथरूमचं दार लाकडी, पण बाहेर, खोलीकडे उघडतं. बिजागऱ्या खोलीच्या बाजूने दिसतात. म्हणजे उभं राहायचं बाथरूमच्या आत.

आत जागा जेमतेम सव्वा मीटर. मागे झुकायला जागा नाही. फरशी ओली होती, ती पुसून कोरडी केली, बूट घातले, पट्टा आतल्या बाजूला आणि गाठ खोलीच्या बाजूला ठेवून दार लावलं. मग जागा नाही म्हणून खाली बसून पाहिलं: दाराजवळ पाय, गुडघे पूर्ण वाकलेले, बूड जमिनीपासून वीतभर वर, हात डोक्यावर सरळ. तिथून हातांनी स्वतःला वर ओढायचं आणि पायांनी लागेल तेवढीच मदत घ्यायची.

एवढे दिवस शोधत होते ते हेच. दाराला लटकून झुकण्यात ओढ समोरून येते, इथे ती डोक्यावरून येते, पुल-अपसारखी. आणि पाय जमिनीवर असल्यामुळे दारावर सगळं वजन पडत नाही. ते पडूही द्यायचं नाही. पाय उचलून दाराला पूर्ण लटकायचा मोह झाला तरी नाही, बिजागऱ्या त्यासाठी नसतात. इथे भार बराचसा खाली येतो, म्हणून पट्टा बिजागरीच्या बाजूलाच ठेवणं जास्त महत्त्वाचं. व्यायामानंतर दार उघडझाप करून पाहिलं, कुठे घासत नाही, कुरकुरत नाही. घासलं असतं तर तिथेच सोडलं असतं.

आज ८, ८, ७.

१० फेब्रुवारी

पाय किती मदत करतात हे कसं मोजायचं, हा प्रश्न होता. टाचा उचलून फक्त चवड्यांवर राहिले तर मदत कमी होते. एक पाय पुढे लांब करून टाच टेकवली तर आणखी कमी. या तीन पायऱ्या धरल्या आणि प्रत्येक पायरीवर १० नीट झाले की पुढची.

खाली येताना पाच सेकंद. वर जाताना पायांनी थोडी फसवाफसवी होते, खाली येताना करायची नाही. पुल-अपमध्ये जे कमी पडतं ते खाली येतानाच भरून निघतं असा माझा अनुभव आहे, कारण उतरताना स्नायू चढण्यापेक्षा जास्त भार पेलू शकतो.

आज चवड्यांवर १०, ९, ८. सोबत पाय बेडवर ठेवून पुश-अप १२, १०, ९. खांद्याचा ठणका या वेळी एकदाही आला नाही. तो मागच्या वेळी नुसत्या ढकलण्यामुळेच होता असं छातीठोक म्हणणार नाही, त्या फिरतीत मी पलंगावर आडवी होऊनही खूप काम करायचे.

१४ फेब्रुवारी

एक पाय लांब करून ६, ५, ५. उरलेले दोन दिवस प्रवासाची तयारी, त्यामुळे हा शेवटचा पूर्ण दिवस. पट्टा धुऊन वाळत घातला. हाताच्या गाठींजवळ कापडाचे दोन पदर विरले आहेत. चार पदरी होता म्हणून निभावलं, पण हा पुढच्या फिरतीला न्यायचा नाही.

१८ फेब्रुवारी

तोच बार. प्रवासानंतर एक दिवस झोपून काढला आणि मग मोजलं.

४. चौथा जानेवारीपेक्षा स्वच्छ, पाचवा कपाळापर्यंत.

मागच्या वेळी याच अवधीत ४ चे २ झाले होते. दोन-तीन आठवड्यांची फिरती असती तर या आकड्याला मी फार किंमत दिली नसती, तेवढ्यात सरावलेल्या माणसाची ताकद तशीही फारशी उतरत नाही. सहा आठवड्यांत मात्र फरक पडतो, आणि तो मी आधी पाहिलेला आहे.

बॅगेत कायम ठेवायच्या वस्तूंत आता भर: घट्ट विणीच्या सुती कापडाचा सव्वादोन मीटर लांब पट्टा, शिंप्याकडून चार पदरी शिवून घेतलेला, दोन्ही टोकांना हातासाठी फासे. मधल्या गाठीत भरायला गुंडाळलेला मोजा. खोलीत शिरल्यावर दिवे लावायच्या आधी पाहायची गोष्ट एकच, बाथरूमच्या दाराच्या बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत.